नुसता टीएसएच वाचून भागत नाही

थायरॉइडच्या तपासणीचा कागद हाती पडला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्याकडे जाते. टीएसएच ठळक असेल तर धास्ती वाटते, नसेल तर कागद घडी घालून फाइलमध्ये जातो. शेजारच्या ओळीत फ्री टी-फोरचा आकडा असतो, पण त्याकडे क्वचितच कुणी बघतं. आणि टीएसएच वाढला म्हणजे ग्रंथी जास्त काम करू लागली, असा समज घेऊन अनेक जण दवाखान्यात येतात. वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. ती का उलटी आहे हे एकदा कळलं की दोन्ही आकडे एकमेकांशी बोलताना ऐकू येऊ लागतात.

गळ्यात, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून थायरॉइड ग्रंथी असते. ती प्रामुख्याने थायरॉक्सिन बनवते. त्याच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्याला टी-फोर म्हणतात. त्यातला एक अणू गळाला की टी-थ्री होतो. पेशींमध्ये प्रत्यक्ष काम करतो तो टी-थ्रीच, आणि तो बहुतांशी यकृतात आणि इतर अवयवांत टी-फोरपासूनच तयार होतो. रक्तातला जवळजवळ सगळा टी-फोर प्रथिनांना चिकटून फिरतो. सुटा, म्हणजे 'फ्री', राहतो तो दहा हजारांत दोन-तीन रेणू इतकाच. पेशीत शिरतो तो हा सुटा भागच, आणि म्हणून मोजायचा तो फ्री टी-फोर. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना वाहक प्रथिनं वाढतात. तेव्हा एकूण टी-फोर चढलेला दिसतो आणि सुटा मात्र जागच्या जागी असतो. आपल्याकडच्या 'थायरॉइड प्रोफाइल'मध्ये बऱ्याचदा एकूण टी-थ्री आणि एकूण टी-फोरच मोजलेला असतो. त्यामुळे कागदावर 'फ्री' हा शब्द आहे की नाही, हे आधी पाहावं.

टीएसएच थायरॉइडमध्ये बनतच नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतो. पिट्यूटरी मुकादमासारखी आहे: काम मंदावलं की तिच्या हाका वाढतात, काम गरजेपेक्षा जास्त होऊ लागलं की ती गप्प बसते. टीएसएचचा आकडा म्हणजे त्या हाकेचा जोर, आणि फ्री टी-फोर म्हणजे प्रत्यक्ष झालेलं काम. वाढलेला टीएसएच म्हणूनच बहुतेक वेळा दमलेल्या थायरॉइडची खूण असते.

प्रौढांसाठी टीएसएचची सर्वसाधारण मर्यादा साधारण ०.४ ते ४ मिलियुनिट दर लिटर, आणि फ्री टी-फोरची ०.८ ते १.८ नॅनोग्रॅम दर डेसिलिटर धरतात. प्रत्येक प्रयोगशाळेच्या यंत्रानुसार या मर्यादा थोड्या सरकतात, म्हणून आपल्या कागदावर छापलेलीच खरी मानावी. फ्री टी-फोर १४ किंवा १८ असा दिसला तर घाबरू नये. तो पिकोमोल दर लिटरमध्ये मोजलेला असतो. त्याला १२.९ ने भागलं की नेहमीचा आकडा मिळतो.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवू. टीएसएच वर आणि फ्री टी-फोर खाली असेल, तर थायरॉइड कमी काम करते आहे. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या समाजात याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथीवर केलेला हल्ला. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. याच्या उलट टीएसएच खाली आणि फ्री टी-फोर वर असेल, तर रक्तात संप्रेरक गरजेपेक्षा जास्त आहे. इथे मात्र एक प्रश्न विचारल्याशिवाय औषध सुरू करू नये: ग्रंथी जास्त बनवते आहे, की सुजलेल्या ग्रंथीतून आधीच साठवलेला माल गळतो आहे? ग्रेव्हज् आजारात निर्मिती वाढते, आणि ती रोखणारी कार्बिमाझोलसारखी गोळी उपयोगी पडते. थायरॉइडच्या दाहात, उदाहरणार्थ बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत होणाऱ्या दाहात, निर्मिती वाढलेलीच नसते. मग ती रोखून काय मिळणार? हा टप्पा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो आणि अनेकींमध्ये त्यानंतर ग्रंथी काही काळ उलट मंदावते. पहिल्या कागदावर दोन्ही आजार सारखेच दिसतात. फरक कळतो तो ग्रेव्हज् आजारातल्या विशिष्ट प्रतिपिंडांच्या तपासणीतून किंवा थायरॉइड स्कॅनमधून.

आकडे असे एकमेकांच्या विरुद्ध दिशेला असतात तोवर वाचन सोपं आहे. दवाखान्यात जास्त वेळ जातो तो एकच आकडा ठळक असलेल्या कागदांवर. समजा टीएसएच ७.२ आहे आणि फ्री टी-फोर १.१. एक मर्यादेबाहेर, दुसरा मर्यादेच्या आत. लोक विचारतात, थायरॉक्सिन पुरेसं आहे तर पिट्यूटरी का ओरडते? याचं उत्तर 'मर्यादा' कशी ठरते यात दडलंय. ०.८ ते १.८ हा पट्टा शेकडो निरोगी माणसांच्या आकड्यांवरून आखलेला असतो. एका माणसाचा स्वतःचा पट्टा त्याहून खूपच अरुंद असतो. एखाद्या बाईचा फ्री टी-फोर वर्षानुवर्षं १.५ च्या आसपास असेल आणि तो १.१ वर उतरला, तर प्रयोगशाळेच्या लेखी काहीच घडलेलं नाही. पिट्यूटरीला मात्र ही घसरण कळते, कारण ती त्या बाईची नेहमीची पातळी ओळखते. तिची प्रतिक्रियाही सरळ प्रमाणात नसते. फ्री टी-फोर निम्म्यावर आला तर टीएसएच दुप्पट नव्हे, शंभर पटींच्या घरात जाऊ शकतो. म्हणून थायरॉइडचा बिघाड टीएसएचमध्ये आधी दिसतो आणि फ्री टी-फोरमध्ये नंतर. पहिली तपासणी म्हणून टीएसएच निवडला जातो, तो यामुळेच.

अशा सौम्य चित्रावर लगेच जन्मभराची गोळी सुरू करण्याची घाई मला पटत नाही. मोठ्या तापातून, आजारातून उठताना टीएसएच काही दिवस वर जातो. रात्री उशिरा आणि पहाटे तो दुपारपेक्षा चढलेला असतो. सत्तरीच्या पुढे त्याची पातळी थोडी वर सरकणं हे वयाचंच लक्षण असू शकतं. दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो सकाळच्याच वेळी, तपासणी पुन्हा करावी आणि सोबत अँटी-टीपीओ प्रतिपिंडं पाहावीत. ती असतील तर हळूहळू ग्रंथी थकण्याची शक्यता जास्त, नसतील तर पुढच्या खेपेला टीएसएच पूर्ववत झालेला दिसणं मुळीच दुर्मीळ नाही. टीएसएच सातत्याने १० च्या वर राहिला तर बहुतेक डॉक्टर गोळी सुरू करतात. गरोदर किंवा मूल हवं असलेल्या स्त्रीसाठी हिशेब वेगळा. तिने इतके महिने वाट पाहायची नसते, कारण पहिल्या तिमाहीत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते.

टीएसएच खाली आणि फ्री टी-फोर नॉर्मल असेल तर टी-थ्री तपासल्याशिवाय 'सौम्य' म्हणू नये. काही गाठींमध्ये आणि ग्रेव्हज् आजाराच्या सुरुवातीला फक्त टी-थ्रीच वाढतो. तोही नॉर्मल निघाला, तर टीएसएच किती खाली आहे ते पाहायचं. ०.३ असा किंचित उतरलेला आकडा बऱ्याचदा आपोआप सावरतो. ०.१ च्या खाली महिनोन्महिने राहिला, तर उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो.

वाचनातली पुढची अडचण काळाची आहे. दोन्ही आकडे एकाच नळीतल्या रक्तातून येतात, पण ते एकाच काळाबद्दल बोलत नाहीत. रक्तातला टी-फोर निम्मा व्हायला सुमारे सात दिवस लागतात. पिट्यूटरीला नव्या पातळीशी जुळवून घ्यायला सहा आठवडे, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. थोडक्यात, टीएसएच मागच्या दीड-दोन महिन्यांची गोष्ट सांगतो आणि फ्री टी-फोर मागच्या काही दिवसांची. गोळीचा डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत टीएसएच तपासण्यात अर्थ नाही, तो याच कारणाने.

रोज ७५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन घेणाऱ्या एका बाईंचा कागद कल्पनेत आणा. टीएसएच १४, फ्री टी-फोर १.७. नुसता टीएसएच पाहिला तर डोस अपुरा आहे असं वाटेल आणि गोळी १०० ची होईल. पण डोस खरोखर अपुरा असता तर फ्री टी-फोर मर्यादेच्या वरच्या टोकाशी कसा आला असता? पिट्यूटरी 'कमी' म्हणते आणि रक्त 'भरपूर' म्हणते, तेव्हा दोघांमधलं अंतर गेल्या दोन महिन्यांत शोधायचं. घरात लग्नकार्य होतं, त्या धावपळीत गोळ्या अधूनमधून राहिल्या. तपासणीची तारीख जवळ आली तशी आठवण झाली. शेवटचा आठवडाभर गोळी नेमाने घेतली आणि रक्त द्यायला निघण्याआधी सकाळचीही घेतली. थायरॉक्सिनची गोळी घेतल्यावर दोन ते चार तासांत फ्री टी-फोर तात्पुरता चढतो, त्याची भर वेगळी. इथे डोस वाढवला तर नियमित घेऊ लागल्यावर तीन महिन्यांत टीएसएच तळाला जाईल आणि छातीत धडधड सुरू होईल. योग्य उपाय म्हणजे तोच डोस रोज रिकाम्या पोटी घेणं, आणि सहा ते आठ आठवड्यांनी, त्या दिवसाची गोळी घेण्याआधी रक्त देणं. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती आणि थायरॉक्सिन यांच्यात चार तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर थायरॉक्सिन आतड्यातच अडकतं.

हाच काळाचा फरक ग्रेव्हज् आजारात उलट्या बाजूने दिसतो. कार्बिमाझोल सुरू होऊन दोन महिने झाले, फ्री टी-फोर ०.७ वर उतरला, तरी टीएसएच अजून ०.०१ च असतो. महिनोन्महिने गप्प राहिलेली पिट्यूटरी पटकन जागी होत नाही. अशा वेळी टीएसएच पाहून औषध वाढवलं तर रुग्णाची ग्रंथी पार मंदावते. डोस कमी करायचा की नाही, हे या काळात फ्री टी-फोरलाच विचारायचं.

कधीकधी बिघाड माणसात नसतो, तपासणीत असतो. केसगळतीसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये बायोटिन असतं, कित्येकदा ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम. शरीराची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅमची आहे. अनेक प्रयोगशाळांची यंत्रं मोजणीसाठी बायोटिनचाच एक दुवा वापरतात. रक्तातलं जादा बायोटिन त्या दुव्यात शिरतं, आणि मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने टीएसएच खोटाच कमी तर फ्री टी-फोर खोटाच जास्त दिसतो. कागदावर हुबेहूब ग्रेव्हज् आजार उभा राहतो. माणूस मात्र ठणठणीत असतो: वजन स्थिर, हात थरथरत नाहीत, नाडी सत्तर. आकडे आणि माणूस यांचं असं जमत नसेल तर बायोटिन निदान दोन दिवस, डोस फार मोठा असेल तर त्याहून जास्त दिवस थांबवून पुन्हा तपासावं. दोन्ही आकडे एकाच वेळी वर असतील तेव्हाही आधी शंका घ्यायची ती अनियमित गोळ्यांची आणि तपासणीतल्या अडथळ्याची. पिट्यूटरीतली टीएसएच बनवणारी गाठ किंवा थायरॉइड संप्रेरकाला पेशींनी दाद न देण्याचा जन्मजात दोष ही खरी कारणं फारच विरळा. पण अशा माणसाचा टीएसएच न पाहता ग्रंथी काढली किंवा किरणोत्सारी आयोडीनने निकामी केली, तर ते नुकसान भरून येत नाही.

आता ज्या कागदासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येतो. त्यावर टीएसएच २.६ आहे. ठळक नाही, बाण नाही, काही नाही. चौतीस वर्षांची बाई. चार वर्षांपूर्वी बाळंतपणात प्रचंड रक्तस्राव झाला, रक्ताच्या पिशव्या चढवाव्या लागल्या. त्यानंतर दूध आलंच नाही आणि पाळी परत सुरू झाली नाही. थकवा इतका, की दुपारी उभं राहवत नाही. थंडी सहन होत नाही, काखेतले केस विरळ झालेत. दरम्यान कुणीतरी थायरॉइडची शंका घेऊन टीएसएच तपासला, तो नॉर्मल आला आणि शंका मिटली. रक्त वाढवायच्या गोळ्या, टॉनिक, 'मनावर घेऊ नका' असे सल्ले, असं करत वर्षं गेली. मग एकदा फ्री टी-फोर तपासला गेला. तो ०.५ निघाला.

इथे दोन आकडे शेजारी ठेवा. फ्री टी-फोर इतका खाली असताना धडधाकट पिट्यूटरीने टीएसएच कित्येक दहांमध्ये, कदाचित शंभरावर नेला असता. तो २.६ आहे. सरासरी माणसासाठी नॉर्मल असलेला हा आकडा या बाईसाठी नॉर्मल नाही. थायरॉइड काम करत नाही, कारण तिला कुणी हाक मारत नाही. दोष वरती, पिट्यूटरीत आहे. अशा वेळी टीएसएच कमी असू शकतो, नॉर्मल असू शकतो, क्वचित किंचित वाढलेलाही दिसतो, कारण आजारी पिट्यूटरीतून येणारा टीएसएच मोजणीत भरला तरी त्याच्यात पुरतं बळ नसतं.

बाळंतपणातल्या रक्तस्रावानंतर होणाऱ्या या आजाराचं सविस्तर वर्णन ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ हॅरल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये केलं. गरोदरपणात पिट्यूटरी आकाराने वाढते, तिला रक्तही जास्त लागतं. ऐन बाळंतपणात रक्तस्रावाने रक्तदाब कोसळला की तिच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरतो. दूध आणणारं, पाळी आणणारं, थायरॉइडला आणि अधिवृक्क ग्रंथीला चालवणारं, सगळी संप्रेरकं तिथूनच येतात. म्हणून लक्षणं इतकी विखुरलेली असतात. जिथे बाळंतपणातला रक्तस्राव वेळेवर आटोक्यात येतो तिथे हा आजार आता क्वचितच दिसतो. आपल्याकडे तो अजून सापडतो. म्हणून थायरॉइडची तक्रार घेऊन आलेल्या बाईला शेवटच्या बाळंतपणाबद्दल, आणि नंतर दूध आलं का याबद्दल, विचारलंच पाहिजे.

निदान झालं तरी थायरॉक्सिनची गोळी लगेच लिहायची नसते. आधी सकाळी आठच्या सुमाराला कॉर्टिसॉल तपासायचं, सोबत सोडियम. पिट्यूटरीबरोबर अधिवृक्क ग्रंथीही झोपली असेल, तर शरीरात कॉर्टिसॉल जेमतेम उरलेलं असतं. थायरॉक्सिन शरीराचा वेग वाढवतं आणि असलेलं कॉर्टिसॉलही लवकर संपवतं. उलट्या, रक्तदाब कोसळणं, बेशुद्धी, इथवर गोष्ट जाऊ शकते, आणि तीही बरं करायला दिलेल्या गोळीने. म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोन, त्यानंतरच थायरॉक्सिन. मग इतर संप्रेरकांच्या तपासण्या आणि पिट्यूटरीचा एमआरआय.

दोन्ही आकडे खाली असलेला प्रत्येक कागद मात्र शीहानचा नसतो. अतिदक्षता विभागातल्या गंभीर रुग्णात शरीर स्वतःच हा सगळा कारभार काही काळ मंदावतं. तिथे ठोस शंका असल्याशिवाय थायरॉइड तपासूच नये आणि तपासलं तर बरं झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा पाहावं. आपली ही बाई मात्र चार वर्षं घरात चालती-फिरती आहे, आणि तिची लक्षणं एका बाळंतपणापासून सुरू झालेली आहेत.

तिचे उपचार सुरू झाल्यावरही कागद वाचण्याची रीत बदललेलीच राहते. गोळीने फ्री टी-फोर १.४ वर येईल, म्हणजे मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात, जिथे तो हवा आहे. टीएसएच तेव्हा ०.०५ असेल आणि तो ठळक छापलेला असेल. नव्या गावात, नव्या डॉक्टरांकडे हा कागद गेला की गोळी जास्त होते आहे असं वाटून डोस कमी केला जाण्याची भीती असते, आणि थकवा पुन्हा सुरू होतो. म्हणून अशा रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर ठसठशीत लिहून ठेवायचं: आजार पिट्यूटरीचा आहे, डोस फ्री टी-फोरवर ठरवावा, टीएसएच धरू नये, आणि हायड्रोकॉर्टिसोन कोणत्याही कारणाने बंद करू नये.